फोटोच्या आधी पेनाची रेघ

शेतात काही चावलं की आजकाल आपण पहिल्यांदा मोबाईल काढतो. फोटो गटात टाकतो आणि विचारतो, “ताई, हे घरीच बरं होईल का?” आज त्याबद्दलच बोलूया.

एका फोटोवरून हे सांगता येत नाही. त्या घडीला सूज किती आहे ते फोटोत दिसतं, पण ती वाढतेय की उतरतेय हे दिसत नाही, आणि आपल्याला तेच कळायला हवं असतं. म्हणून दोन फोटो लागतात, आणि त्यांच्यामध्ये पेनाची एक रेघ.

जागा साबण-पाण्यानं धुवा. हळद, चुना, मिश्री काही लावू नका. हळदीच्या पिवळेपणात लाली झाकली जाते आणि फोटो फुकट जातो. लाली किंवा सूज जिथं संपते तिथं पेनानं सभोवार रेघ मारा, बाजूला वार आणि वेळ लिहा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून उजेडात फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही. तेव्हा हाताची मागची बाजू टेकवून पाहा, जागा आसपासच्या कातडीपेक्षा गरम लागते का.

आमच्या गटातल्या एका ताईंना मंगळवारी सोयाबीन खुरपताना पोटरीला काहीतरी चावलं. संध्याकाळी नाण्याएवढी लाली होती आणि खाज होती. त्यांनी रेघ मारली, फोटो काढला, गार पाण्याची पट्टी ठेवली. बुधवारी लाली रेघेबाहेर बोटभर गेली. पण खाजच होती, दुखत नव्हतं, ताप नव्हता. किड्याच्या विषानं येणारी सूज पहिले एक-दोन दिवस वाढू शकते, म्हणून त्या घरीच थांबल्या आणि दुसरी रेघ मारली. गुरुवारी लाली तिथंच थांबली होती. इथवर घरचा उपाय पुरेसा होता.

शुक्रवारी सकाळी लाली दुसऱ्या रेघेच्याही तीन बोटं बाहेर गेलेली. जागा गरम, हात लावला तरी दुखे. खाज गेली आणि ठणका आला. जांघेत अवधाण आलं, अंगात कणकण. खाजवताना नखांनी कातडी फुटली होती आणि तिथून जंतू आत शिरले होते. ताई त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. डॉक्टरांनी तारखेवार फोटो पाहिले आणि गोळ्या सुरू केल्या. पाचव्या दिवशी पाय उतरला.

यातून लक्षात ठेवायचं ते असं. पहिल्या दोन दिवसांतली खाजरी सूज बहुधा घरीच उतरते. पण दोन दिवसांनंतर लाली रेघ ओलांडू लागली, ठणका आला, पू आला किंवा ताप आला, तर आणखी फोटो पाठवत बसू नका, दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्या बाईनं आणि लहान बाळाच्या आईनं तर दोन दिवसही थांबू नये, आधीच दाखवावं.

आता फोटोत न येणारी गोष्ट. मण्यार रात्री अंथरुणात येऊन चावते. तिचे दात इतके बारीक असतात की खूण डासाच्या चाव्याएवढी दिसते, कधी दिसतच नाही. सूज नाही, फारसं दुखणंही नाही. फोटो बघून कुणीही म्हणेल, काही नाही, ढेकूण असेल. पण जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखू लागलं, उलटी झाली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता किंवा बोलता येईना, तर खूण शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि सापाच्या विषावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. चिरा पाडू नका, दोरी आवळून बांधू नका.

मधमाशी, गांधीलमाशी चावल्यावर काही मिनिटांतच अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तरीही १०८. अशा वेळी फोटोत एक मिनिटही घालवायचं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, गटात फोटो टाकाल तेव्हा सोबत चार गोष्टी लिहा: कधी चावलं, खाज आहे की ठणका, ताप आहे का, आणि रेघेच्या आत आहे की बाहेर. एवढं असेल तर आशाताईंनाही फोटो पाहून नीट सांगता येतं.