इतिवृत्ताची जोडपत्रे : नोंद, संदर्भ आणि जतन



इतिवृत्त कसे लिहावे यावर सकाळच्या सत्रात पुष्कळ बोलून झाले. माझ्याकडे त्याच्या शेपटाचा विषय आला आहे. इतिवृत्ताला जे अहवाल, याद्या, अंदाजपत्रके, पत्रे जोडली जातात, त्यांचे काय करायचे? जुनी इतिवृत्तपुस्तके चाळली की एक वाक्य हमखास भेटते : ‘सोबतच्या यादीप्रमाणे मान्यता देण्यात आली.’ पान उलटावे, तर सोबत काहीच नसते. ठराव आहे, अध्यक्षांची सही आहे, पण नेमके काय मंजूर झाले ते कुठेच नाही.

मी एकच उदाहरण घेतो. ते कल्पित आहे, पण ग्रंथालय चालवणाऱ्या कोणत्याही संस्थेत घडू शकेल असे आहे. फाटलेली, वाळवी लागलेली, दुबार झालेली पुस्तके ग्रंथसंग्रहातून बाद करायची आहेत. ग्रंथपालांनी १२ जून २०२३ रोजी ४१२ ग्रंथांची यादी केली. ती विषयपत्रिकेबरोबर सर्वांना गेली. सभेत एका सभासदाने दाखवून दिले की अनुक्रमांक ८७ ते ९५ हे नऊ ग्रंथ एका देणगीदाराच्या संग्रहातले आहेत आणि तो संग्रह अखंड ठेवण्याची अट आपण मान्य केलेली आहे. सभेला ते पटले. कार्यवाहांनी आपल्या प्रतीवर त्या नऊ ओळींना पेन्सिलीने कंस केला आणि इतिवृत्तात लिहिले : ‘सोबतच्या यादीप्रमाणे ग्रंथांचे निर्लेखन करण्यात यावे.’

आता या यादीच्या किती प्रती फिरताहेत ते पाहा. सभासदांकडे ४१२ ग्रंथांची, कार्यवाहांकडे पेन्सिलीच्या खुणांची आणि ग्रंथपालांच्या फायलीत पुन्हा मूळचीच. ठरावातली ‘सोबतची यादी’ यांपैकी कोणती? त्या वर्षी हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण सभेला बसलेल्या सगळ्यांना ते आठवत असते. दहा वर्षांनी देणगीदाराची नात त्या नऊ पुस्तकांतले एखादे पाहायला येते. तोवर कार्यवाह बदललेले असतात, ग्रंथपाल निवृत्त झालेले असतात आणि पुस्तक जागेवर नसते. ते चुकून रद्दीत गेले, की कोणी वाचायला नेले ते परत आलेच नाही, हे सांगू शकणारा एकमेव कागद म्हणजे ती यादी.

तेव्हा पहिली गोष्ट ठरावाच्या शब्दांची. इतिवृत्तातल्या उल्लेखावरून तो कागद दुसऱ्या कोणत्याही कागदापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. त्यासाठी पाच गोष्टी पुरतात : कागदाचे नाव, तो कोणी केला, त्यावरची तारीख, पृष्ठसंख्या आणि जोडपत्राचा क्रमांक. आपल्या उदाहरणातला ठराव मी असा लिहीन :

‘विषय ६. ग्रंथपालांनी तयार केलेली दि. १२ जून २०२३ ची निर्लेखनयोग्य ग्रंथांची यादी (एकूण पृष्ठे १४, ग्रंथ ४१२) सभेपुढे ठेवण्यात आली. ती जोडपत्र ६-अ म्हणून जोडली आहे. अनुक्रमांक ८७ ते ९५ हे नऊ ग्रंथ देणगीच्या अटीमुळे वगळून उरलेल्या ४०३ ग्रंथांचे निर्लेखन करण्यास सभेने मान्यता दिली.’

इथे मूळ यादीला हात लावलेला नाही. ग्रंथपालांनी जे दिले ते तसेच राहिले आणि सभेने केलेला बदल इतिवृत्तात आला. ही शिस्त फार उपयोगी आहे. पुष्कळ ठिकाणी सभेनंतर यादी ‘दुरुस्त’ करून नवी छापतात आणि तीच जोडतात. मग सभेपुढे नसलेला कागद सभेपुढे होता अशी नोंद तयार होते. हेतू चांगला असला तरी ती खोटी नोंदच. सुधारित यादी कामासाठी हवीच असेल तर ती जोडपत्र ६-आ म्हणून, स्वतःच्या तारखेसह आणि ‘सभेच्या निर्णयानुसार नंतर तयार केली’ अशा टिपेसह जोडावी.

दुसरी गोष्ट उलट दिशेची. इतिवृत्त जोडपत्राकडे बोट दाखवते, तसे जोडपत्रानेही इतिवृत्ताकडे दाखवले पाहिजे. सुटा झालेला कागद आपले घर स्वतः सांगू शकला पाहिजे. म्हणून पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात ‘का. स. ३/२०२३-२४, विषय ६, जोडपत्र अ’ असे लिहावे. प्रत्येक पानावर ‘१४ पैकी १’, ‘१४ पैकी २’ असे क्रमांक टाकावेत. नुसते १, २, ३ लिहिले तर शेवटचे पान हरवल्याचे कळतच नाही. आणि प्रत्येक पानावर अध्यक्षांची किंवा कार्यवाहांची आद्याक्षरी. कंपनी सचिवांच्या संस्थेने कंपन्यांच्या सभांसाठी जी मानके घालून दिली आहेत, त्यांत सभेपुढे ठेवलेल्या आणि इतिवृत्तात उल्लेख आलेल्या कागदांवर अशी आद्याक्षरी करायला सांगितले आहे. आपल्या नोंदणीकृत संस्थांना ती मानके लागू नाहीत, पण कोणाची परवानगी न घेता ही सवय आपण उचलू शकतो.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना जोडपत्रे टेबलावर असावीत आणि ‘जोडपत्रांसह कायम करण्यात आले’ असे लिहावे. पुस्तकात डिंकाने कागद चिकटवू नयेत. पुस्तक फुगते, शिवण सुटते आणि चिकटवलेले पान कधी आले हे सांगता येत नाही. जोडपत्रांची वेगळी फाईल वर्षवार ठेवावी. टाचण्यांना गंज चढतो, म्हणून दोऱ्याने ओवावे. छापील पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर असतील तर त्यांची साधी छायाप्रत लगेच काढून मूळ पावतीला जोडावी. तो मजकूर काही वर्षांत पुसट होतो.

इथे एक पोटप्रश्न शिक्षकमंडळींसाठी. अहवालाबाबत सभेने केले काय? ‘नोंद घेतली’, ‘अहवाल स्वीकारला’ आणि ‘अहवालातील शिफारशी मान्य केल्या’ ही तीन वेगळी क्रियापदे आहेत आणि आपण ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. नोंद घेतली म्हणजे वाचला. स्वीकारला म्हणजे उपसमितीचे काम पुरे झाले असे मानले. शिफारशी मान्य केल्या म्हणजे पैसे खर्च होणार. चौदा शिफारशींपैकी अकराच मान्य असतील तर त्यांचे क्रमांक इतिवृत्तात हवेत.

बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या संस्थांची आणखी एक अडचण आहे. इतिवृत्त मराठीत, पण जोडपत्र बेळगावात कानडीत, इंदूर-ग्वाल्हेरात हिंदीत, वडोदऱ्यात गुजरातीत, हैदराबादेत तेलुगूत आणि हिशेबतपासणीचा अहवाल सगळीकडे इंग्रजीत. अशा वेळी मूळ कागदाऐवजी भाषांतर जोडण्याचा मोह होतो. जोडायचा मूळच. इतिवृत्तात दोन-तीन वाक्यांचा मराठी सारांश द्यावा. पूर्ण भाषांतर केलेच तर ते कोणी, कधी केले हे लिहून मूळ कागदामागे लावावे.

आता जतनाकडे येतो. इथे संस्था दोन टोकांना जातात. एक तर काहीच टाकत नाहीत आणि कपाटे वाळवीच्या स्वाधीन करतात, नाहीतर दिवाळीच्या सफाईत सगळेच टाकतात. नियम पाहायला जावे तर सर्वांना लागू असा एक नियम नाही. गोव्यातली संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, कर्नाटकातली त्या राज्याच्या १९६० च्या, मध्य प्रदेशातली १९७३ च्या, तेलंगणातली मूळ आंध्र प्रदेशाच्या २००१ च्या कायद्याखाली. गुजरातेत सार्वजनिक न्यासाचाही कायदा आहे. म्हणून आधी आपली घटना आणि आपला कायदा पाहावा.

तरी काही मुदती ताडून पाहायला उपयोगी आहेत. कंपन्यांच्या मानकांत इतिवृत्ते कायमची ठेवायची आहेत, तर विषयपत्रिका आणि तिच्याबरोबरच्या टिपणी आठ आर्थिक वर्षे किंवा त्या उपयोगात असेपर्यंत, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर. आयकरात सूट घेणाऱ्या धर्मादाय संस्थांसाठी २०२२ मध्ये आलेल्या नियमानुसार हिशेबाची कागदपत्रे संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे ठेवायची. आजचा नियम आपल्या लेखापालांना विचारून घ्यावा. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत कागदांचे वर्ग पाडतात : ‘अ’ कायम, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. ही वाटणी लहान संस्थेलाही सहज पेलते.

पण वर्ग कागदाच्या जातीवरून ठरवला तर फसगत होते. ग्रंथपालांची यादी एरवी ‘क’ वर्गाची. कामकाजाचा साधा कागद, दहा वर्षांनी जायला हरकत नाही. मात्र तीच यादी जोडपत्र ६-अ झाली की ती ठरावाचा भाग झाली. ठराव कायम ठेवायचा आणि त्यात मंजूर केलेली यादी दहा वर्षांनी फाडायची, म्हणजे ठरावातले नाम काढून क्रियापद ठेवण्यासारखे आहे. म्हणून माझे म्हणणे असे की ज्या जोडपत्राशिवाय ठरावाचा अर्थ लागत नाही, त्याची मुदत इतिवृत्ताइतकीच, म्हणजे कायम. जे केवळ माहितीसाठी ठेवले होते, जसे तीन दुकानांची दरपत्रके किंवा हजेरीची पत्रे, त्यांना त्यांची स्वतःची मुदत लावावी. हा निर्णय जोडतानाच घ्यावा आणि कोपऱ्यातल्या क्रमांकाखाली ‘अ’ किंवा ‘क’ लिहून टाकावे. दहा वर्षांनी गठ्ठा सोडणाऱ्याला आपल्या मनातले कळणार नसते.

मुदत मोजायची ती कागदावरच्या तारखेपासून नव्हे, तर प्रकरण मिटल्यापासून. अनुदानाच्या कामात हिशेबतपासणीचा आक्षेप उभा असेल, न्यायालयात वाद असेल, किंवा कोणी माहितीच्या अधिकारात तो कागद मागितला असेल, तर मुदत संपली तरी त्याला हात लावायचा नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे, मागितलेली माहिती नष्ट केली तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. सरकारच्या भरीव अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या संस्थाही त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात.

कागद नष्ट करायचे तेही सभेच्या ठरावाने. कोणत्या वर्षाचे, कोणत्या वर्गाचे, कोणते गठ्ठे, मुदत कधी संपली, याची यादी कार्यकारिणीपुढे ठेवावी. दोन सभासदांनी गठ्ठे उघडून पाहावेत. ‘क’च्या गठ्ठ्यात ‘अ’ सापडतो तो याच वेळी. देणगीदारांचे बँक खाते क्रमांक वगैरे असलेले कागद रद्दीवाल्याला सबंध देऊ नयेत, फाडून किंवा कातरून द्यावेत. आणि नष्ट केलेल्या कागदांची ती यादी त्या ठरावाचे जोडपत्र होईल. तिच्या कोपऱ्यात ‘अ’ लिहावे.