वीस गुणांचा प्रश्न
(फर्दापूर येथे शिक्षक व पालकांपुढे केलेले भाषण)



वर्षभराच्या अभ्यासाचा निकाल मार्चमधील तीन तासांत लावू नये, ही मागणी आपल्या चळवळीला नवी नाही. परदेशी हे कसे साधतात, हेही आपण ऐकतो. जर्मनीत शालान्त परीक्षेच्या नऊशे गुणांपैकी सहाशे शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गकामाचे असतात. अंतिम परीक्षेला उरतात तीनशे. मग आपल्याकडे हा प्रयोग का फसतो?

दहावीचाच दाखला घ्या. भाषा व सामाजिक शास्त्रांत शाळेच्या हाती वीस गुण होते. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. ते गुण काढून घेताच २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, हे खरे. परंतु गुण परत देताच २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के झाला. २०२१ मध्ये महामारीमुळे परीक्षाच रद्द झाली, शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला.

शाळेने विसांपैकी वीस दिले, की उत्तीर्ण होण्यास पंधराच गुण पुरतात. शिक्षकांची दया आपण समजू शकतो. परंतु सर्वांना वीस मिळाले, की त्या विसांतून कोणाविषयीच काही कळत नाही. मुलामुलांतील फरक पुन्हा उरलेल्या ऐंशी गुणांवरच, म्हणजे त्या तीन तासांवरच ठरतो. सातत्यपूर्ण मूल्यमापन कागदावर राहते आणि एकाच परीक्षेचे राज्य अबाधित चालते. नुकसान होते ते वर्षभर वही नेटकी ठेवणाऱ्या, पण शिकवणी न परवडणाऱ्या मुलीचे.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने यावर एक उपाय योजला आहे. तेथे बारावीला शाळा गुण देते, पण ते जसेच्या तसे धरत नाहीत. समजा, एका शाळेने सरासरी अठरा गुण दिले आणि त्याच मुलांची सामाईक लेखी परीक्षेतील पातळी तेराची निघाली, तर शाळेचे गुण तेराच्या आसपास आणतात. वर्गातील क्रम मात्र शिक्षकाने लावला तोच राहतो. उदार शाळेला लाभ नाही, कडक शाळेला दंड नाही. म्हणून शिक्षकाला खरे गुण देण्याचे भय उरत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. वर्गात पाच-सातच मुले असतील, तर एकाच्या आजारपणानेही सरासरी ढळते. अशा लहान शाळांसाठी दुसऱ्या शाळेतील शिक्षकाने काही वह्या पुन्हा तपासणे हाच मार्ग आहे. आणि ऊसतोडीला गेलेले मूल चार महिने वर्गातच नसेल, तर त्याच्या वर्गकामाची संधी परतल्यावर राखून ठेवावी लागेल.

म्हणून आपली मागणी नुसती ‘अंतर्गत गुण वाढवा’ एवढीच असून चालणार नाही. ते गुण कोण पडताळणार, हे मंडळाने आधी सांगावे आणि त्या तपासणीचा खर्च शासनाने उचलावा.