०.१ संगणकात कसा साठतो?

तरंगत्या दशांशचिन्हाच्या ६४ बिटांच्या संख्येत पहिला बिट चिन्ह, म्हणजे धन की ऋण, दाखवतो, पुढचे ११ बिट घातांक, म्हणजे दोनचा कितवा घात, सांगतात आणि उरलेल्या ५२ बिटांत मँटिसा, म्हणजे संख्येचे सार्थ अंक, असतात. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा संपत नाही, तसाच साधा ०.१ द्विमान पद्धतीत ०.०००११००११… असा लांबतच जातो, आणि तो जवळच्या मूल्यावर आणावा लागत असल्याने साठवलेली संख्या किंचित मोठी भरते. ०.२ चेही तेच होते. म्हणून `0.1 + 0.2` ची बेरीज पडद्यावर `0.30000000000000004` अशी उमटते आणि ०.३ शी जुळत नाही. पैशांचा हिशेब त्यामुळे रुपयांच्या अपूर्णांकांऐवजी पूर्णांकी पैशांत ठेवावा.