माजी प्राध्यापकांकडे शिफारसपत्राची विनंती

परदेशी विद्यापीठाकडे १५ डिसेंबरपर्यंत अर्ज रवाना करावयाचा असल्यास आपल्या जुन्या प्राध्यापकांना विनंतीपत्र ऑक्टोबरअखेरीसच धाडावे, कारण पुढे सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिका त्यांच्या मेजावर येतात. आपण कोणत्या वर्षी, कोणत्या विषयाला त्यांच्या वर्गात होतो, प्रकल्प कशावर होता आणि त्यांच्या सूचनेवरून त्यात कोणती दुरुस्ती केली, हे तपशीलवार लिहिल्यास ‘विद्यार्थी हुशार व मेहनती आहे’ या कोणालाही लागू पडणाऱ्या वाक्याऐवजी शिफारसपत्रात खरा दाखला उतरतो. सोबत गुणपत्रक व अर्जाचा मसुदा जोडावा. शिफारसपत्र बहुधा गोपनीय असते. ते पाहण्याचा आग्रह नसावा. ‘सवड नसल्यास निःसंकोच कळवावे’ हे वाक्य विनंतीपत्रात मात्र मला अत्यावश्यक वाटते, कारण नकार वेळेवर आल्यास दुसऱ्या प्राध्यापकांकडे जाता येते. मुदतीच्या आठवडाभर आधी एक नम्र स्मरणपत्र पुरे.