उलटं हसू



मोबाइलवरच्या एका चेहऱ्याबद्दल आज बोलायचं आहे. रेडिओवर तो दाखवता येत नाही, म्हणून आधी त्याचं वर्णन करतो. पिवळा गोल चेहरा, ठिपक्यांसारखे डोळे, बारीकसं हसू. पण सगळं डोक्यावर उभं. डोळे खाली आणि तोंड वर. 2015 साली हे चिन्ह युनिकोडच्या यादीत आलं. तिथे त्याचं नाव नुसतं ‘उलटा चेहरा’ असं आहे. त्या नावात सुख नाही की दुःख नाही. अर्थ लोकांनी घातला: सगळं बिघडलंय, पण मी हसतेय.

माझी भाची भिवंडीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते. जुलैतल्या मोठ्या पावसाचा दिवस होता. दुपारी घरच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला, ‘लाइट नाही, ऑफिसात पाणी, गाडी अंजूरफाट्याला अडकली. मस्त चाललंय.’ शेवटी तो उलटा चेहरा. तिच्या मावशीने लिहिलं, ‘वा, पावसाची मजा आहे!’ कुणी हसरा चेहरा पाठवला, कुणी अंगठा. मीही वाचलं आणि फोन ठेवून दिला.

नंतर मात्र तो मेसेज मनातून जाईना. मी पुन्हा उघडून पाहिला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. हसऱ्या तोंडाची रेघ उलटी केली की ती रडक्या तोंडाच्या रेघेसारखी होते. डोळे वर आहेत की खाली, एवढ्यावरच ते हसू ठरतं. पटकन पाहणाऱ्याला एक दिसतं, थांबून पाहणाऱ्याला दुसरं.

अर्थात प्रत्येक उलटा चेहरा दुःखाचाच असतो असं नाही. बरेच जण तो नुसत्या गमतीत पाठवतात. फोनमध्ये तो सरळ हसऱ्या चेहऱ्याच्या शेजारीच बसलेला असतो, त्यामुळे बोट चुकूनही तो जातो. म्हणून चेहऱ्याआधीचे शब्द वाचावेत. भाचीच्या मेसेजमध्ये तीन अडचणी होत्या आणि त्यानंतर ‘मस्त’. त्या तीन आणि हा एक शब्द यांचा मेळ बसत नव्हता.

पाचच्या सुमारास मी ग्रुप सोडून तिला एकटीला विचारलं, ‘जेवलीस का?’ उत्तर आलं, ‘हो हो, पोटभर.’ आणि पुन्हा तोच चेहरा. मी फोन लावला. ‘मामा, खरं सांगू?’ म्हणाली आणि आवाज भरून आला.

सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. अडकलेल्या गाडीच्या ई-वे बिलाची मुदत मध्यरात्री संपत होती. ही मुदत संपण्याआधी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास, एवढ्याच वेळात वाढवून घेता येते. त्यासाठी गाडी कुठे आहे, उशीर का झाला, पुढे किती अंतर उरलंय, हे सगळं पोर्टलवर भरावं लागतं. कॉम्प्युटर बंद होता आणि मोबाइलची बॅटरी संपत आली होती. मुदत गेली तर दंड बसेल आणि बोल आपल्यालाच लागेल, ही धास्ती तिने दिवसभर एकटीने वागवली होती. तिच्या ऑफिसच्याच आवारातल्या एका गोदामात जनरेटर आहे. तिथले सुपरवायझर माझ्या ओळखीचे. मी त्यांना फोन केला आणि तिला तिकडे जायला सांगितलं.

श्रोतेहो, आपल्याकडे पूर्वी पत्रात लिहीत, ‘इकडील सर्व क्षेम.’ घरात आजारपण असो, डोक्यावर कर्ज असो, ही ओळ ठरलेली. ती काळजी पुरती झाकून टाकायची. उलटा चेहरा तसं करत नाही. तो काळजी झाकतो आणि तिचं एक टोक बाहेर ठेवतो, ओळखणाऱ्याने ते धरावं म्हणून. दहा नातेवाइकांसमोर ‘मला जमत नाहीये’ असं लिहिणं जड जातं. हा चेहरा लिहिणं जमतं.

म्हणून त्याला हसऱ्या चेहऱ्याने उत्तर देऊ नये. सगळ्यांदेखत ‘काय झालं?’ असंही विचारू नये, कारण त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. बाजूला घेऊन छोटं काही विचारावं. जेवलीस का, घरी कशी येणार, फोनला चार्जिंग आहे का. तिथेही उत्तराला तोच चेहरा लटकलेला दिसला, तर लिहिणं थांबवून आवाज ऐकावा.

त्या रात्री साडेनऊला भाचीचा मेसेज आला, ‘बिल वाढवलं. वडापाव खाल्ला. निघतेय.’ त्यापुढे कुठलाच चेहरा नव्हता, आणि तेव्हा मला हायसं वाटलं.