बालाजी घाटाचे दोन फोटो: ‘सारखं’ कशाला म्हणायचं?

आज तीन फोटोंवर बोलू. पहिला वाराणसीच्या बालाजी घाटाचा, थंडीतल्या सकाळचा. घाट पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे भिंतींवर कोवळं ऊन पडलंय आणि पायऱ्या खालपर्यंत दिसतायत. दुसरा त्याच घाटाचा, पावसाळ्यातला. आभाळ भरलेलं, गंगा चढलेली, खालच्या पायऱ्या पाण्यात. तिसरा शेजारच्या पंचगंगा घाटाचा, पण पहिल्याच सकाळी, त्याच नावेतून काढलेला.

यातले सारखे दोन कोणते? आपल्याला हवं असलेलं उत्तर पहिला आणि दुसरा. पण घाटांच्या फोटोंचा शोध तयार करायला बसलो, तेव्हा माझं मॉडेल पहिला आणि तिसरा म्हणत होतं. तेच ऊन, तेच पाणी, तोच कॅमेरा.

असा शोध चालतो कसा? मॉडेल प्रत्येक फोटोचं आकड्यांच्या एका यादीत रूपांतर करतं. ही यादी म्हणजे एम्बेडिंग. दोन याद्यांमधलं अंतर कमी, म्हणजे फोटो सारखे. हे अंतर आपल्याला हवं तसं घडवण्यासाठी ट्रिपलेट लॉस वापरतात. त्यात तीन फोटो एकत्र दाखवायचे: अँकर, त्याच घाटाचा पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या घाटाचा निगेटिव्ह.

```
L = max(0, d(a,p) - d(a,n) + m)
```

`d` म्हणजे अंतर, `m` म्हणजे मार्जिन. पॉझिटिव्हपेक्षा निगेटिव्ह किमान इतका लांब हवा. गूगलच्या फेसनेटमध्ये, २०१५ साली, चेहऱ्यांसाठी मार्जिन ०.२ होतं. आपणही तेच घेऊ.

समजा, बालाजी घाटाच्या दोन फोटोंतलं अंतर ०.९ आहे. निगेटिव्ह म्हणून मी शनिवारवाडा दिला, त्याचं अंतर १.६. हिशोब उणे ०.५ येतो, म्हणजे लॉस शून्य. मॉडेल काहीच शिकत नाही. आता पंचगंगेचा तो सकाळचा फोटो द्या, अंतर ०.४. लॉस ०.७. आता मॉडेलला ऊन आणि पाणी सोडून इमारतीच्या रेषांकडे बघावंच लागतं.

माझी चूक इथेच झाली होती. माझे पॉझिटिव्ह एकाच दिवसाचे होते आणि निगेटिव्ह कुठलेही. त्या दिवसाचा उजेड ओळखला तरी उत्तर बरोबर येत होतं. मॉडेलने तो सोपा रस्ता धरला. उपाय असा: पॉझिटिव्ह वेगळ्या ऋतूतला घ्या, निगेटिव्ह त्याच नावफेरीतला.

मग कायम सगळ्यात अवघड निगेटिव्हच का देऊ नयेत? त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, सगळ्यात जवळचा ‘निगेटिव्ह’ पुष्कळदा चुकीच्या नावाचा फोटो असतो. नावेतून काढलेल्या फोटोत जीपीएस नावेची जागा नोंदवतं, समोरच्या घाटाची नाही. शिवाय एका चौकटीत दोन घाट सहज येतात. असे फोटो मी दोन्ही घाटांच्या निगेटिव्हमधून काढून टाकले.

दुसरं कारण, सुरुवातीलाच फार अवघड दिलं तर मॉडेल सगळ्या फोटोंना एकच एम्बेडिंग देऊन मोकळं होतं. सगळी अंतरं शून्य झाली की सूत्रात फक्त मार्जिन उरतं. म्हणून लॉस बरोबर ०.२ वर येऊन चिकटला, तर समजा की मॉडेल कोसळलंय. यासाठी फेसनेटने मधला निगेटिव्ह निवडला: पॉझिटिव्हपेक्षा लांब, पण मार्जिनच्या आत. आपल्या उदाहरणात अंतर १.० असलेला, लॉस ०.१.

आता कॉन्ट्रास्टिव्ह लर्निंगची दुसरी पद्धत बघू. २०२० च्या सिमसीएलआरमध्ये नावं लागतच नाहीत. एकाच फोटोची दोन रूपं करायची, थोडं कापून, रंग बदलून. ती दोन जवळ, बॅचमधले बाकीचे सगळे लांब. एका वेळी शेकडो निगेटिव्ह मिळतात. पण बॅचमध्ये बालाजी घाटाचेच दोन वेगळे फोटो आले, तर ही पद्धत त्यांनाही एकमेकांपासून ढकलते. आणि फोटो कितीही कापला तरी गंगेची पातळी बदलत नाही. ऋतू ओलांडायला शिकवायचं, तर दोन ऋतूंतले खरे फोटोच जोडीला लावावे लागतात.

शेवटी तपासणी. साठ्यात फक्त थंडीतले फोटो ठेवा आणि प्रशिक्षणात न वापरलेले पावसाळ्यातले शोधायला द्या. पहिलं उत्तर किती वेळा योग्य घाटाचं येतं, ते मोजा. मग साठ्यात सगळ्या ऋतूंचे फोटो घालून पुन्हा शोधा आणि पहिली पाच उत्तरं डोळ्यांनी बघा. पाचही एकाच दिवसाची आणि घाट मात्र वेगवेगळे असतील, तर मॉडेल घाट शिकलेलं नाही, तारीख शिकलंय. मग लॉस कितीही कमी दिसो, ट्रिपलेट पुन्हा निवडायला बसा.