आपत्ती म्हणजे पूर नव्हे : हिंदी सरकारी पत्र मराठीत आणताना

(मादन हिप्परगा येथे तरुण मित्रांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भागात कन्नड कागदाला आपण घाबरत नाही. कळलं नाही तर सरळ कुणाला तरी विचारतो. खरा घोळ होतो हिंदी पत्रात. अक्षर तेच, शब्द ओळखीचे. त्यामुळे कळलंच असं वाटतं आणि आपण विचारतच नाही.

केंद्राच्या राजभाषा नियम १९७६ प्रमाणे कर्नाटक 'ग' क्षेत्रात येतो. म्हणजे केंद्रीय कार्यालयाने इथल्या माणसाला साधारणपणे इंग्रजीत लिहायचं असतं. पण तुम्ही हिंदीत अर्ज केला, तर उत्तर हिंदीतच येतं. शिवाय दिल्लीच्या परिपत्रकांच्या प्रती फिरत असतातच.

समजा, शाळेच्या माध्यमाबद्दल आपण लिहिलं आणि असं उत्तर आलं. हा नमुना मी तयार केलेला आहे, पण भाषा नेहमीचीच आहे :

"प्राथमिक शिक्षा के संबंध में आपका अभ्यावेदन प्राप्त हुआ। यदि कोई आपत्ति हो तो इस सूचना के जारी होने के ३० दिन के भीतर प्रस्तुत करें, अन्यथा नियमानुसार कार्रवाई की जाएगी। आपके अनुरोध पर विचार किया जा सकता है।"

आता एकेक शब्द बघू. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, हे सगळ्यांना माहीत आहे. 'अभ्यावेदन' म्हणजे आपलं निवेदन. पण हिंदीत 'निवेदन है कि' असं आलं, तर ती नुसती विनंती असते.

'आपत्ति' म्हणजे हरकत. मराठीत आपत्ती म्हटलं की पूर, दुष्काळ डोळ्यासमोर येतो. "काही आपत्ती असल्यास कळवा" असं भाषांतर गावात वाचून दाखवलं, तर लोक म्हणतील, आपल्यावर कुठं काय आपत्ती आलीय? आणि हरकत नोंदवायची मुदत निघून जाईल. 'अनापत्ति प्रमाणपत्र' म्हणजे आपलं 'ना हरकत प्रमाणपत्र'. उलट, आपली 'हरकत' हिंदीत जशीच्या तशी घातली तर तिचा अर्थ चाळा, खोडी असा होतो.

'सूचना' सगळ्यात फसवी. हिंदीत ती माहिती किंवा नोटीस. 'सूचना का अधिकार' म्हणजे माहितीचा अधिकार. मराठीत मात्र 'हरकती व सूचना मागवल्या' म्हणतात, तेव्हा ती सूचना म्हणजे लोकांनी सुचवलेली गोष्ट. त्याला हिंदीत 'सुझाव' म्हणतात. नमुन्यातली सूचना म्हणजे नोटीस.

'जारी होने के' म्हणजे नोटीस निघाल्यापासून. तुमच्या हातात पडल्यापासून नव्हे. तसं असतं तर 'प्राप्ति के' लिहिलं असतं. म्हणून पत्रावरची तारीख बघा आणि तिथून तीस दिवस मोजा. टपालाचे दिवस त्यातच गेले.

'कार्रवाई' म्हणजे पुढची कामकाजाची पावलं. मराठीत "कारवाई करण्यात येईल" म्हटलं की माणसाला पोलीस आठवतात. इथे "नियमाप्रमाणे पुढील कार्यवाही केली जाईल" असं लिहा. पत्र दंडाचं, जप्तीचं असेल तेव्हाच 'कारवाई' ठेवा.

शेवटचं वाक्य नीट ऐका. 'किया जा सकता है' म्हणजे विचार होऊ शकतो. 'किया जाएगा' म्हणजे विचार केला जाईल. पहिल्यात आश्वासन नाही. भाषांतरात "विचार केला जाईल" लिहिलंत, तर सरकारने न दिलेला शब्द तुम्ही गावाला दिलात.

तसंच कर्त्याचं. हिंदी पत्र 'सूचित किया जाता है' म्हणतं, कोण ते सांगत नाही. मराठीत "कळविण्यात येते" लिहा. आपल्या मनाने तिथे 'जिल्हाधिकारी' घालू नका. 'प्रस्तुत करें' ला "सादर करावी" हे बरोबर बसतं. "सादर करा" जरा दरडावल्यासारखं वाटतं.

आणखी एक खूण सांगतो. जिथे हिंदी कचेरी संस्कृत शब्द वापरते, तिथे मराठी कचेरीत बरेचदा फारसीतून आलेला शब्द असतो. आवेदन म्हणजे अर्ज, अवकाश म्हणजे रजा, त्यागपत्र म्हणजे राजीनामा. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, उर्दू कागद आजोबांच्या पेटीत अजून सापडतील. त्यामुळे हे शब्द आपल्याला परके नाहीत. पण हिंदी-उर्दूत 'राज़ीनामा' म्हणजे तडजोडीचा कागद. कोर्टाच्या कागदात तो दिसला, तर कुणी नोकरी सोडली असं समजू नका.

अडलं तर काय करायचं? केंद्राच्या अधिसूचना, सर्वसाधारण आदेश वगैरे कागद राजभाषा अधिनियम १९६३ च्या कलम ३(३) प्रमाणे हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत निघतात. इंग्रजी प्रत शेजारी ठेवा. 'आपत्ति' च्या जागी तिथे 'ऑब्जेक्शन' दिसलं की शंका मिटते. आणि मराठी प्रत वाटताना तिच्याखाली मूळ हिंदी मजकूर, पत्र क्रमांक आणि तारीख जोडा. भाषांतर लोकांना समजण्यासाठी आहे. कचेरीत मूळ पत्रच चालतं.